सावली वेगळी काढताना

कागदावर ठेवलेल्या नाण्याचे चित्र घेतले की त्यात तीन गोष्टी येतात : नाणे, कागद, आणि नाण्याची कागदावर पडलेली सावली. संग्रहालयाच्या सूचीत नाणे छापायचे असते, कागद नको असतो. कागद काढणे फार अवघड नाही. अडते ते सावलीपाशी. सावलीचा आकार नाण्याचा असतो, पण ती पडलेली असते कागदावर, आणि खरे पाहता ती म्हणजे थोडा काळवंडलेला कागदच. कागदाबरोबर ती काढून टाकली तर वस्तू पानावर तरंगल्यासारखी दिसते. वस्तूबरोबर ठेवली तर तिच्यासोबत जुन्या कागदाचा तुकडाही नव्या पानावर येतो आणि नाण्याभोवती मळकट कडे उमटते. सावली वस्तूची नाही आणि पार्श्वभूमीचीही नाही. तिला तिसरी गोष्ट मानून वेगळी काढावी लागते, ही या पुस्तकाची मूळ भूमिका आहे.

सावल्याही दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत केली की सगळे बिघडते. एक सावली वस्तूच्या अंगावरच असते. नाण्यावरच्या उठावदार अक्षराच्या एका अंगाला उजेड लागतो, दुसरे अंग अंधारात राहते, आणि त्या फरकामुळेच अक्षर वाचता येते. ही सावली म्हणजे मजकूरच. तिला हात लावायचा नसतो. दुसरी सावली वस्तूच्या बाहेर, ती जिथे ठेवली आहे त्या पृष्ठभागावर पडते. तिच्यातून वस्तूबद्दल फार काही कळत नाही. वस्तू कशावर तरी टेकली आहे आणि उजेड अमुक बाजूने येतो आहे, एवढेच ती सांगते. कापाकापी करायची ती या दुसऱ्या सावलीची. मात्र दोन्ही सावल्या एकाच दिव्याच्या असतात, हे विसरून चालत नाही.

पुस्तकातली उदाहरणे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली आहेत, आणि तिथे या कामाची दोन टोके सापडतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावांशी जोडलेल्या या उत्खननातून इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली शेतकरी वस्ती उजेडात आली. तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली जोर्वे पद्धतीची भांडी, तोटीचे गडू, तोंडाला तोंड लावून पुरलेले लहान मुलांचे दफनकुंभ, कच्च्या मातीच्या मूर्ती अशा वस्तू तिथे निघाल्या. हे झाले एक टोक. दुसरे टोक घरातले आहे. भीमा आणि घोडच्या खोऱ्यात जुन्या वाड्यांच्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी एखादी तांब्याची शिवराई पूजेला असते. तिच्या अक्षरांच्या खाचांत पिढ्यान्‌पिढ्यांचे हळदकुंकू बसलेले असते, आणि कधी कधी कोणीतरी ती हौसेने चिंचेने घासून लख्खही केलेली असते. घासलेल्या शिवराईवरची जुनी काळपट छटा कायमची जाते आणि झिजलेली अक्षरे आणखी झिजतात. चित्र घेण्याआधी नाणे साफ करू नये, ही सूचना म्हणून इथेच सांगितलेली बरी. कुंकू नाण्याचे वाचन बिघडवते, पण चिंच नाणेच बिघडवते.

पार्श्वभूमीचा प्रश्न मुळात छायाचित्राबरोबर आला. त्याआधी नाणी हाताने काढली जात. 1830च्या दशकात कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप जुन्या भारतीय नाण्यांवर लिहीत होता तेव्हा त्याच्या लेखांसोबत रेखाटनांचे फलक असत. रेखाटनात पार्श्वभूमी नसतेच. चित्रकार फक्त नाणे काढतो, बाकी कागद कोरा राहतो. किंमत मोजावी लागते ती दुसरीकडे : चित्रकाराला जे अक्षर कळले नाही ते तो जसे दिसले असे वाटले तसे काढतो, आणि पुढचे अभ्यासक ती चूक मूळ नाण्याची समजून वाचत बसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर एक चतुर उपाय निघाला. नाण्याचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा आणि छायाचित्र नाण्याचे न घेता त्या साच्याचे घ्यायचे. प्लास्टर पांढरे आणि निस्तेज असते, त्यामुळे सोन्याची चमक नाही, तांब्याचे डाग नाहीत, फक्त उठाव दिसतो. साच्याची कडा हवी तशी तासता येते आणि डझनभर साचे एका पाटीवर मांडून सगळ्यांवर एकाच बाजूने उजेड टाकता येतो. रॅप्सनने 1908 साली ब्रिटिश म्युझियमसाठी आंध्र राजवंश आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांची सूची केली. सातवाहनांच्या अभ्यासात ती आजही उघडली जाते, आणि त्या काळच्या अशा सूचींचे फलक डोळ्यांना शांत वाटतात ते या पद्धतीमुळे. मात्र साच्यात धातूचा रंग हरवतो, आणि कडेची जाडी कितपत नोंदायची ते तासणाऱ्यावर राहते.

पुढे थेट नाण्यांची छायाचित्रे घेतली जाऊ लागली तेव्हा सावली टाळण्याची दोन तंत्रे रूढ झाली. एक म्हणजे नाणे काचेवर ठेवायचे आणि काच पांढऱ्या कागदापासून वीतभर उंच धरायची. सावली खाली, चौकटीच्या बाहेर पडते आणि नाण्याभोवती स्वच्छ पांढरे मिळते. दुसरे तंत्र ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यांतले : निगेटिव्हवर वस्तूच्या कडेने अपारदर्शक रंगाची रेघ ओढायची आणि बाहेरचा सारा भाग रंगवून टाकायचा, म्हणजे छपाईत तो कोरा राहतो. आज संगणकावर ज्याला मास्क म्हणतात तो हाच रंग. बारीक ब्रश धरणाऱ्या कारागिराचा हात एका जागी चुकला की नाण्याची कड तेवढी खाल्ली जायची. ही चूक आजही तशीच होते, फक्त हातात ब्रशऐवजी माऊस असतो.

संगणकाने यात नवे काय आणले, तर अर्धवटपणा मोजण्याची सोय. कडेवरचा पिक्सेल पूर्ण नाण्याचा नसतो आणि पूर्ण कागदाचाही नसतो. त्यात दोन्ही मिसळलेले असतात. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 साली या मिश्रणाचे गणित नीट मांडले. प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर एक अपारदर्शकतेचा आकडा द्यायचा, म्हणजे तो पिक्सेल कोणत्याही नव्या पानावर ठेवता येतो. 1996 साली आल्व्ही रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी दाखवले की एकच वस्तू जागची न हलवता दोन वेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर टिपली, तर हा आकडा अंदाजाने न ठरवता हिशेबाने काढता येतो. चित्रपटांतल्या युक्त्यांसाठी जन्मलेले हे गणित नाण्याच्या कडेलाही लागू पडते.

आज सूची करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ आहेत. पहिला पंथ सावली मुळीच ठेवत नाही. नाणकशास्त्राचे बहुतेक ग्रंथ याच पंथाचे, आणि नाण्यापुरते ते योग्यही आहे, कारण नाणे ही जवळजवळ सपाट वस्तू आहे आणि वाचकाला तिची दर्शनी आणि मागील बाजू शेजारी शेजारी हवी असते. दुसरा पंथ पार्श्वभूमी काढतच नाही. वस्तू करड्या, वर जाता जाता गडद होणाऱ्या पडद्यासमोर ठेवायची आणि चित्र तसेच छापायचे. मोठ्या संग्रहालयांच्या मूर्तींच्या चित्रांत हे दिसते. ते प्रामाणिक आहे आणि देखणेही, पण पन्नास वस्तू पन्नास दिवशी टिपल्या तर पन्नास करडे रंग येतात आणि पान गोधडीसारखे दिसू लागते. तिसरा पंथ पार्श्वभूमी काढतो आणि सावली ठेवतो. यात पुन्हा दोन पोटभेद आहेत. काहीजण खरी सावली काढून टाकतात आणि सॉफ्टवेअरमधली तयार सावली चिकटवतात, तर काहीजण खरी सावलीच वेगळी करून नव्या पानावर नेतात. पुस्तकाचा कौल या शेवटच्या बाजूला आहे. तयार सावली सोयीची असते, पण ती वस्तूच्या खऱ्या उजेडाशी जुळेलच याची खात्री कुणी देत नाही.

उजेडाची दिशा ही इथे चवीची बाब नाही. माणसाचे डोळे उजेड वरून येतो असे धरूनच चालतात. शिवराईवर वरून उजेड असेल तर अक्षरे उठून दिसतात. तेच चित्र उलटे फिरवले, म्हणजे उजेड खालून आला, की तीच अक्षरे कोरून आत गेलेली वाटू लागतात. उठावदार अक्षर खोलगट वाटणारे चित्र सूचीत जाणे ही गंभीर चूक आहे, आणि ती घडते अगदी साध्या कारणाने : नाणे स्कॅनरवर कसेही ठेवले जाते आणि मग अक्षरे सरळ दिसावीत म्हणून चित्र संगणकावर फिरवले जाते. अक्षरे सरळ होतात, पण उजेडही त्यांच्याबरोबर फिरतो. पुरातत्त्वाच्या रेखाटनांत उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून धरायचा संकेत आहे. देवनागरी नाण्याला तो आणखी एका कारणाने सोयीचा पडतो. उजेडाच्या दिशेला समांतर असलेल्या उठावाला सावलीच पडत नाही. उजेड थेट वरून आला तर आडवी शिरोरेखा ठळक होते आणि उभा काना पुसट होतो. बाजूने आला तर उलटे. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’ असते, आणि हा मजकूर कसा लिहिला आहे, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, अशा बारकाव्यांवरून अभ्यासक तिचे प्रकार पाडतात. दोन ओळींमध्ये दोन समांतर रेघा असलेली दुदांडी शिवराई तर त्या आडव्या रेघांवरूनच ओळखली जाते. कोपऱ्यातून तिरका उजेड घेतला तर काना, रेघ आणि वेलांटी या तिघांनाही न्याय मिळतो.

एका शिवराईचे काम सुरुवातीपासून पाहिले तर हे सगळे हाताशी येते. समजा ती 20 मिलिमीटर रुंद आहे आणि साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर घ्यायची आहे. आधी स्कॅनर कोणत्या जातीचा ते पाहावे. पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये काचेला चिकटलेला भागच स्पष्ट येतो आणि मिलिमीटरभर दूर गेले की धूसर होतो. जाड, जुन्या धाटणीच्या स्कॅनरला थोडी खोली दिसते. नाण्यासाठी हा दुसरा हवा. रिझोल्यूशन 1200 डीपीआय ठेवले तर 20 मिलिमीटरचे नाणे सुमारे 945 पिक्सेल रुंद येते. छपाईला 300 डीपीआय लागते, तेव्हा मूळ आकारात छापायला 236 पिक्सेल पुरतात आणि चौपट मोठे करूनही तडजोड करावी लागत नाही. त्याहून मोठे आकडे स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेले असले तरी त्यांतले पुष्कळसे संगणकाने मधले पिक्सेल भरून वाढवलेले असतात.

स्कॅनरचा दिवा सरकत जातो आणि नाण्यावर एकाच बाजूने उजेड टाकतो. कोणत्या बाजूने, ते यंत्रागणिक बदलते. म्हणून आधी एक चाचणी स्कॅन करून अक्षरांची कोणती अंगे उजळली ते पाहावे. मग नाणे काचेवर 45 अंशांत तिरके ठेवावे, अशा बेताने की नंतर संगणकावर अक्षरे सरळ केली की उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यात यावा. नाणे काचेवर अलगद ठेवावे, घासत नेऊ नये. काच जपायची म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालण्याचा मोह होतो, पण त्याने इंद्रधनुषी वलये उमटतात.

आता मागचा कागद. झाकण उघडे ठेवून स्कॅन केले तर मागे काळोख येतो आणि सावलीचा प्रश्नच मिटतो, पण तांब्याची काळपट कड त्या काळोखात बुडून जाते. म्हणून मागे फिकट, रंगहीन पुठ्ठा हवा. तो नाण्यावर नुसता टेकवला तर एकीकडे कलतो. यावर साधा उपाय असा : नाण्याच्या जाडीएवढ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या दोन बाजूंना ठेवायच्या आणि मागचा पुठ्ठा त्यांवर टेकवायचा. या पट्ट्यांचा खरा उपयोग पुढे आहे. नाण्याचा स्कॅन झाला की नाणे उचलायचे, पट्ट्या आणि पुठ्ठा तसाच ठेवायचा आणि रिकाम्या पुठ्ठ्याचा दुसरा स्कॅन घ्यायचा. पट्ट्या नसत्या तर पुठ्ठा काचेवर बसून अधिक उजळ दिसला असता आणि दोन्ही स्कॅनांची तुलना फसली असती. स्कॅनरमधली आपोआप उजेड जुळवण्याची सोय दोन्ही वेळा बंद असायला हवी, नाहीतर यंत्र दोन चित्रांना दोन वेगळे न्याय लावते. दोन्ही चित्रे टिफ स्वरूपात साठवावीत. जेपेगमध्ये कडेभोवती बारीक ठिपके उमटतात आणि मास्क करताना तेच ठिपके छळतात.

हे दोन स्कॅन हाताशी असले की सावली मोजता येते. समजा रिकाम्या पुठ्ठ्याचा उजळपणा 0 ते 255 या मोजपट्टीवर 236 आहे आणि नाण्याशेजारी सावलीत तो 177 झाला आहे. 177 भागिले 236 म्हणजे 0.75. सावलीने तिथला पाऊण उजेड राहू दिला, पाव खाल्ला. सूचीच्या पानाचा रंग पिवळसर असून त्याचा उजळपणा 244 असेल तर त्या जागी 244 गुणिले 0.75, म्हणजे 183 यायला हवा. सावली म्हणजे एखादा रंग नव्हे, ती गुणक आहे. गिंप किंवा फोटोशॉपमध्ये रिकाम्या पुठ्ठ्याचा थर नाण्याच्या थरावर ठेवून `Divide` निवडले की हा भागाकार सगळ्या पिक्सेलांचा एकदम होतो. पुठ्ठा शुभ्र होतो, सावलीचा करडा चढउतार शिल्लक राहतो. हा थर पानावर `Multiply` करून ठेवला की गुणाकार होतो, आणि सावली त्या पानावरच पडली होती असे दिसते. नुसती कातरलेली सावली चिकटवली असती तर तिचा सर्वांत फिकट भाग, पुठ्ठ्यावर 230 असलेला, 244च्या पानावर स्पष्ट कडे होऊन दिसला असता. सूचीच्या पानावर नाण्याभोवती मळकट वलय दिसले तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

मग नाण्याचा मास्क. शिवराई गोल असते असे म्हणणे धाडसाचे आहे. तांब्याच्या चकत्या हाताने तोडलेल्या असत, ठसा पुष्कळदा चकतीहून मोठा असे, त्यामुळे काही अक्षरे चकतीबाहेरच राहत. कडेचा ओबडधोबडपणा आणि कोणते अक्षर कुठे तुटले हा पुरावा आहे. गोल निवडीचे साधन वापरून कड गोलसर केली तर नाणे देखणे दिसते आणि पुरावा जातो. म्हणून पाथचे साधन घेऊन बिंदू हाताने द्यावेत, कोपऱ्यांवर दाट आणि सरळ कडेला विरळ. उजेडाकडची कड सहज दिसते. सावलीकडे मात्र काळपट तांबे आणि काळी सावली एकमेकांत मिसळतात, आणि एका क्लिकवर पार्श्वभूमी काढणारी साधने नेमकी इथेच सावलीचा लचका नाण्याला जोडतात किंवा नाण्याचा लचका सावलीबरोबर टाकतात. तात्पुरता एक थर घालून गडद भाग उजळून घ्यावा, कड शोधावी, पाथ काढावा आणि तो थर काढून टाकावा. कॅमेऱ्याने काम करणाऱ्यांना आणखी खात्रीचा मार्ग आहे. नाणे काचेवर न हलवता खालून मुलांच्या ट्रेसिंग पॅडचा उजेड द्यायचा आणि वरचे दिवे बंद करायचे, की नाणे काळी आकृती होऊन दिसते. त्या चित्रात सावली नसते, फक्त आकार असतो, आणि तोच मास्क होतो. खालचा उजेड बेताचा हवा. जास्त झाला की तो कडेवरून आत झिरपतो आणि नाणे खऱ्याहून लहान होते.

शेवटचा टप्पा एका पिक्सेलचा आहे, पण बहुतेक चुका तिथेच होतात. कडेच्या पिक्सेलात जुना पुठ्ठा मिसळलेला असतो, म्हणून मास्क एक पिक्सेल आत घ्यावा आणि अर्धा पिक्सेल मऊ करावा. पण नाणे एक पिक्सेल आत गेले की नाणे आणि सावली यांच्यात केसाएवढी पांढरी फट उरते. ती बुजवायला सावलीच्या थरात नाण्याच्या जागेखालीही काही पिक्सेल गडद भरून ठेवावेत. नाणे वरच्या थरात असल्याने ते दिसत नाहीत, फट तेवढी मिटते. नाण्याला माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेले असेल तर त्या भोकातूनही पुठ्ठा दिसतो. तोही काढायचा असतो, आणि तो विसरला गेला तर भोकात पांढरा ठिपका चमकतो.

झालेले काम तपासायची एक सोपी रीत आहे. तयार नाणे पांढऱ्या, काळ्या आणि भडक तांबड्या अशा तीन पानांवर ठेवून पाहावे. पांढऱ्यावर लपलेली पांढरी कड काळ्यावर ओरडून सांगते, आणि सावलीतला पुठ्ठ्याचा रंग तांबड्यावर उघडा पडतो.

भांड्याचा हिशेब निराळा आहे. जोर्वे पद्धतीचा तोटीचा गडू उभा ठेवून बाजूने टिपला जातो, म्हणून त्याची सावली शेजारी पसरते आणि बुडाशी दाट होते. बुडाशी टेकलेली ती बारीक काळी रेघ काढली की गडू हवेत लटकतो. लांब पसरलेली सावली काढली तरी चालते. म्हणून भांड्याला सावलीचे दोन तुकडे मानावेत, टेकणीची सावली ठेवावी आणि लांबची हळूहळू विरू द्यावी. तोटी आणि गळा यांच्यामधल्या जागेतून पार्श्वभूमी डोकावते. ती नाण्यातल्या भोकासारखीच काढायची. तांबड्या भांड्यावर आपटलेला उजेड खालच्या पांढऱ्या कागदावर तांबूस छटा टाकतो आणि ती सावलीत मिसळते. वेगळ्या काढलेल्या सावलीतला रंग पुसून ती करडी करून घेतली तर पानावर तांबडा डाग येत नाही. भांड्याच्या अंगावरची तांबूस छटा मात्र तशीच ठेवायची, ती त्याच्या मातीची आहे. बुड गोल असेल तर भांडे कड्यावर टेकवावे लागते आणि सावली कड्याची पडते. अशा वेळी सावली पानावर नेण्यात अर्थ नसतो.

इनामगावला शिरविरहित स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा मातीचा बैल सापडला. ही मूर्ती कच्च्या मातीची आहे. अशा वस्तूची कड कुरतडलेली, भुसभुशीत असते आणि मऊ मास्कने ती गुळगुळीत दिसू लागते. भाजलेल्या आणि न भाजलेल्या मातीतला फरक चित्रात हरवणे ही चूकच आहे. इथे मास्क धारदार ठेवून कडेचा खडबडीतपणा जपावा, थोडी जुनी पार्श्वभूमी राहिली तरी चालेल. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात निघणारे जुने कंदील आणि पितळी बिल्ले याच्या अगदी उलट : कड स्वच्छ, पण चकचकीत अंगावर भोवतालची सगळी खोली उमटलेली. ती प्रतिबिंबे मास्कने जात नाहीत. ती चित्र घेतानाच पांढऱ्या कागदाचा तंबू करून टाळावी लागतात.

हे सगळे आता सांगण्याचे कारण आहे. महाराष्ट्रात नाण्यांच्या सूची करण्याची परंपरा जुनी आहे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून काम करीत आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे, आणि तिने 1989 साली प्रसिद्ध केलेला माहेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरील ग्रंथ अभ्यासकांच्या हाताशी असतो. पुण्यातल्याच सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची प्रणाली केली आणि देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या वस्तू त्यातून पडद्यावर आल्या. या साखळीच्या खालच्या टोकाला शाळा, ग्रामपंचायती, वाडे आणि हौशी संग्राहक आहेत. तिथे आता फोन आणि स्कॅनर दोन्ही पोहोचले आहेत, आणि वस्तूंची चित्रेही भरपूर घेतली जात आहेत. ती चित्रे पुढे अभ्यासकाच्या कामी यायची तर त्यांतले काय वस्तूचे आणि काय टेबलाचे हे वेगळे कळायला हवे. सतरंजीवर ठेवून फ्लॅशने काढलेल्या शिवराईवरून तिचा प्रकार ठरवता येत नाही.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम आखूड ठेवला आहे. वस्तूचे वय ठरवणे, खरे-खोटे ओळखणे, किंमत सांगणे यांतले काही त्यात नाही. चित्र सुरू होते तिथून पुस्तक सुरू होते आणि चित्र पानावर बसले की संपते. उदाहरणे या दोन तालुक्यांत भेटणाऱ्या वस्तूंच्या जातीची घेतली आहेत : तांब्याचे काळपट नाणे, चमकणारा चांदीचा रुपया, माळेतली भोक पाडलेली पुतळी, तांबडे खापर, तोटीचा गडू, पितळेचा बिल्ला. एका जातीची अडचण समजली की तिच्यासारख्या दुसऱ्या वस्तूची समजते, म्हणून वस्तूंची संख्या वाढवलेली नाही. सॉफ्टवेअरची बटणे दर वर्षी जागा बदलतात, म्हणून त्यांच्यापेक्षा भागाकार, गुणाकार आणि कड यांवर भर दिला आहे. काही गोष्टी मात्र संगणकाच्या हाताबाहेरच राहतात. उजेड चुकला तर काना परत आणता येत नाही, आणि मूळ स्कॅनमध्ये धूसर असलेली कड कोणताही मास्क स्पष्ट करू शकत नाही.

वाचकाने काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी करून ठेवाव्यात. वस्तूचे माप आणि वजन घेऊन ते चित्राच्या फाइलच्या नावाबरोबर वहीत लिहावे, कारण पार्श्वभूमीबरोबर शेजारी ठेवलेली मोजपट्टीही कापली जाते आणि मग 20 मिलिमीटरची शिवराई आणि हातभर उंचीचा गडू पानावर एकाच आकाराचे दिसतात. आणि पार्श्वभूमीसकटचा मूळ स्कॅन कधीही पुसू नये. सूचीच्या पानावर त्याचे काम नसते, पण कापलेल्या चित्रातल्या कडेबद्दल कुणाला शंका आली तर ती तपासायला दुसरी जागा नसते.